नळीतलं बिऱ्हाड

‘बुरशी म्हणजे ती काळी बुरशी का हो, डॉक्टर?’

2021 नंतर महाराष्ट्रातल्या आयसीयूच्या दाराबाहेर हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने माणसांचे डोळे नेले, जबडे नेले, आणि ‘बुरशी’ या शब्दाला कायमचा काळा रंग चिकटला. म्हणून आधी नकार द्यावा लागतो. ही ती नव्हे. ती हवेतून नाकात शिरते. ही बहुतेकांच्या अंगावर आणि आतड्यात आधीपासूनच असते आणि रक्तात शिरायला तिला वाट लागते. ती वाट बऱ्याचदा आम्हीच करून दिलेली असते. हा उत्तरार्ध नातेवाइकांना सांगताना डॉक्टरांचा आवाज जरा खाली जातो, एवढं कबूल करायला हरकत नाही.

तिचं नाव कँडिडा. पावात घालतात त्या यीस्टच्या नात्यातली. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट गोल पेशी, आणि बटाट्याला कोंब फुटावा तशी एकीच्या कडेला फुटलेली दुसरी. तोंडात, आतड्यात, योनिमार्गात, कातडीवर ती गुमान राहते. लहान बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो तोही तिचाच. रक्तात सापडली की मात्र त्या अवस्थेला कँडिडेमिया म्हणतात, आणि तिथे ‘थोडीशी असेल, राहू दे’ चालत नाही. बेडक्यात किंवा कॅथेटर घातलेल्या लघवीत कँडिडा निघाली तर बहुतेक वेळा ती नुसती मुक्कामाला असते आणि औषध लागत नाही. रक्ताच्या एका बाटलीत निघाली तर एका बाटलीवरही उपचार सुरू करावे लागतात. या दोन वाक्यांत गल्लत झाली की रुग्णालयात बुरशीविरोधी औषधं पाण्यासारखी वापरली जातात आणि नेमकी जिथे हवीत तिथे उशिरा पोचतात.

हे सगळं एका रुग्णाच्या आधाराने सांगतो. ही बाई एक नाही. चार-पाच जणींचे तुकडे जोडून तिला उभी केली आहे. पण दिवसांचा हिशेब आणि निर्णयांचा क्रम अशा रुग्णांत घडतो तसाच ठेवला आहे.

वय बावन्न. घरी शिवणकाम. पित्ताशयातला खडा घसरला, स्वादुपिंडाला सूज आली आणि त्याचा काही भाग मृत झाला. तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात सहा दिवस काढून ती मोठ्या शहरातल्या आयसीयूत आली. तो दिवस पहिला धरू. दुसऱ्या दिवशी उजव्या मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन घातली. ही साधारण वीतभर लांबीची, आत तीन वाटा असलेली मऊ प्लास्टिकची नळी असते आणि तिचं टोक हृदयाच्या दारापर्यंत जातं. रक्तदाब टिकवणारी औषधं हाताच्या छोट्या शिरेतून फार काळ देता येत नाहीत, म्हणून ती लागते. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं थकली, तेव्हा उजव्या जांघेत डायलिसिसची जाड नळी गेली. पोट अन्न घेईना, म्हणून सहाव्या दिवसापासून शिरेतून पोषण सुरू झालं. मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक तर पहिल्या दिवसापासून चालू होतंच.

वैद्यकीय पुस्तकांत ‘जोखमीचे घटक’ अशी यादी असते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. या बाईच्या अंगावर ती यादी वाचता येते, आणि तिथे ती यादी राहत नाही, एक साखळी होते. अँटिबायोटिकने आतड्यातले बॅक्टेरिया मारले. बुरशीला ते औषध काहीच करत नाही, त्यामुळे मोकळ्या झालेल्या रानात ती फोफावली. स्वादुपिंडाच्या आजारात आतड्याचं अस्तर दुबळं होतं आणि तोंडाने अन्न न मिळाल्याने आणखी दुबळं होतं. त्यातून बुरशीला रक्ताकडे झिरपायला फट मिळाली. दुसरी वाट कातडीची. मानेतली नळी कातडीला भोक पाडून आत जाते, आणि त्या भोकाभोवती जे राहतं ते नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकू शकतं. तिसरी वाट हातांची. नळीची तोंडं दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडली जातात, दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या बोटांनी. शिरेतून दिलं जाणारं पोषण तर यीस्टला चालणारं खाद्यच आहे. यातलं प्रत्येक पाऊल गरजेचं होतं. कुणी हलगर्जी केली असं एकाकडे बोट दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हा आजार थांबवणं अवघड जातं.

भारतात हे किती घडतं याचं एक चांगलं मोजमाप उपलब्ध आहे. देशातल्या 27 आयसीयूंमधल्या 1400 कँडिडेमियाच्या रुग्णांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आयसीयूत दाखल होणाऱ्या दर हजार रुग्णांमागे साडेसहा जणांना हा संसर्ग होत होता, आणि निम्म्या जणांना तो दाखल झाल्यापासून आठ दिवसांच्या आतच झाला होता. तीस दिवसांत 44.7 टक्के रुग्ण दगावले. पण हा आकडा वाचताना थांबावं लागतं. कँडिडेमिया होणारा माणूस आधीच गंभीर आजारी असतो, त्यामुळे तो बुरशीमुळे गेला की बुरशी असताना गेला हा प्रश्न उरतोच. त्याच अभ्यासाने निव्वळ बुरशीच्या माथी मारता येणारा वाटा 19.6 टक्के काढला. तोही लहान नाही.

मग इतकी जोखीम असणाऱ्या प्रत्येकालाच आधीपासून औषध का देऊन टाकू नये? हा प्रश्न नातेवाइकांइतकाच डॉक्टरांनाही पडतो, आणि फ्रान्समध्ये तो तपासून पाहिला गेला. अंगावर अनेक ठिकाणी कँडिडा असलेल्या, आयसीयूत नव्याने सेप्सिस झालेल्या, पण रक्तात बुरशी सिद्ध न झालेल्या 260 रुग्णांपैकी निम्म्यांना मिकाफंगिन दिलं आणि निम्म्यांना औषध नसलेलं द्रावण. 2016 मध्ये निकाल आला, आणि 28 दिवसांनी जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. म्हणजे अंगावरच्या बुरशीकडे पाहून सरसकट गोळीबार करण्यात अर्थ नाही. रक्तावर लक्ष ठेवायचं आणि बातमी आली की क्षणही दवडायचा नाही, एवढंच हाती उरतं.

आमच्या बाईंना सतराव्या दिवशी संध्याकाळी सहाला ताप चढला. थंडी, 102, रक्तदाब घसरता. दोन ठिकाणांहून रक्त कल्चरला गेलं, एक जोडी मानेतल्या नळीतून आणि एक जोडी थेट हाताच्या शिरेतून. प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं. ही कंजुषीची जागा नव्हे, कारण रक्तात बुरशीच्या पेशी फार विरळ असतात आणि दोन-तीन मिलिलिटरमध्ये एकही सापडणार नाही असं सहज घडतं. पुरेसं रक्त घेऊनही शरीरात खोलवर शिरलेल्या कँडिडाच्या सुमारे निम्म्याच केसेस कल्चरमध्ये सापडतात. म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह आलं’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होता येत नाही.

बाटल्या यंत्रात बसतात. आत काही वाढू लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि यंत्र इशारा देतं. मानेतल्या रक्ताची बाटली 31 तासांनी वाजली, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी पहाटे एकला. हातातल्या रक्ताची त्यानंतर तीन तासांनी. हा तीन तासांचा फरक बोलका आहे. नळीतून काढलेल्या रक्तात बुरशी जास्त होती म्हणून ती आधी दिसली, त्यामुळे संशय नळीवर जातो. हा पुरावा पक्का नसतो, बोट मात्र नळीकडेच दाखवतो.

काचेवर थेंब रंगवला. बॅक्टेरियांच्या मानाने चांगल्याच मोठ्या, जांभळ्या, कोंब फुटलेल्या पेशी. फोनवर एवढंच सांगितलं गेलं, ‘सात नंबर बेड, यीस्ट आहे.’ कोणती यीस्ट ते कळायला अजून दीड-दोन दिवस लागणार होते. पण तेवढं थांबायला परवानगी नाही. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांच्या नोंदी चाळून 2006 मध्ये काढलेला हिशेब आजही शिकवला जातो. कल्चर घेतलं त्याच दिवशी औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण 15 टक्के होतं, एक दिवस उशीर झाला तर 24, दोन दिवस झाला तर 37. आणि बाटली वाजायलाच दीड दिवस लागतो! म्हणजे फोन येतो तेव्हा आपण उशीर करूनच बसलेलो असतो.

त्या पहाटे ड्युटीवरच्या डॉक्टरापुढे दोन औषधं होती. एक फ्लुकोनाझोल. स्वस्त, जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं, गोळीतही मिळतं. दुसरा एकायनोकँडिन नावाचा औषधांचा गट. महाग, फक्त शिरेतून देता येणारा. तीस वर्षांपूर्वी बहुतेक ठिकाणी फ्लुकोनाझोलवर निभावलं असतं, कारण तेव्हा कँडिडा म्हटलं की कँडिडा अल्बिकन्स हीच मुख्य जात होती आणि ती फ्लुकोनाझोलला बहुधा दाद देते. आता भारतातल्या आयसीयूत तसं गृहीत धरता येत नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे कँडिडा ऑरिस.

ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोतल्या सत्तर वर्षांच्या एका बाईच्या कानातल्या स्रावातून ही जात वेगळी काढली. मग जुने जपून ठेवलेले नमुने धुंडाळल्यावर 1996 च्या कोरियातल्या एका रुग्णाच्या रक्तातही ती सापडली. पुढच्या काही वर्षांत दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा चार भागांत ती जवळजवळ एकाच सुमारास उगवली. जनुकं ताडून पाहिली तर या चार शाखा एकमेकींपासून दूरच्या. म्हणजे ती एका देशातून सगळीकडे पसरली असं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी जणू स्वतंत्रपणे माणसाच्या वाटेला आली. ती मुळात कुठे राहत होती याचा एक धागा भारतातच सापडला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांना ती अंदमानच्या खाऱ्या दलदलीत आणि एका समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मिळाली. 2021 मधल्या या शोधाने तिच्या खारेपणाच्या आणि उष्णतेच्या सहनशक्तीचा थोडा उलगडा झाला. प्रयोगशाळेत ती 42 अंशांवरही वाढते, तर आपल्या 37 अंशांचं तिला काय? अलीकडे शास्त्रज्ञांनी तिची प्रजाती बदलून कँडिडोझायमा ऑरिस असं नाव दिलं आहे, पण आयसीयूत कुणाची जीभ अजून तिकडे वळलेली नाही.

औषधांपुढचा तिचा ताठरपणा हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या सीडीसीने तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 90 टक्के फ्लुकोनाझोलला जुमानत नव्हते आणि सुमारे 30 टक्के अँफोटेरिसिन या जुन्या औषधाला. एकायनोकँडिनला न जुमानणारे मात्र 5 टक्क्यांहून कमी होते. वर सांगितलेल्या 27 भारतीय आयसीयूंपैकी 19 ठिकाणी ऑरिस सापडली होती, एकूण रुग्णांत तिचा वाटा 5.3 टक्के होता, आणि तो अभ्यास कोविडच्या आधीचा आहे. तेव्हा पहाटे दोनला, जात माहीत नसताना, पहिला डोस एकायनोकँडिनचा. यात वाद राहिलेला नाही.

या औषधांची गोष्ट थोडी रमून सांगावीशी वाटते, कारण बुरशीवरचं हे हत्यार दुसऱ्या एका बुरशीनेच दिलं. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या लोझोया नदीच्या खोऱ्यातल्या पाण्यातून एक बुरशी मिळाली. तिने तयार केलेल्या रेणूत फेरफार करून कॅस्पोफंगिन घडवलं गेलं आणि 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बुरशीच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. ती ज्या धाग्यांनी विणलेली असते त्यांतला मुख्य धागा ग्लुकान नावाच्या साखरेच्या साखळीचा. हा धागा ओढणारं विकर कॅस्पोफंगिन बंद पाडतं. विणकर थांबला की भिंत विरविरीत होते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. माणसाच्या पेशीला भिंतच नसते, ते विकरही नसतं, त्यामुळे औषधाचा आपल्याला फारसा त्रास होत नाही. जुन्या अँफोटेरिसिनने मूत्रपिंडं बिघडतात, आणि आमच्या बाईंची आधीच बंद होती. कॅस्पोफंगिनला मूत्रपिंडाशी देणंघेणं नाही, डायलिसिस चालू असतानाही मात्रा बदलावी लागत नाही.

पहिल्या दिवशी 70 मिलिग्रॅम, नंतर रोज 50, साधारण तासाभरात हळूहळू. इथे एक बारीक खाच आहे. आपण टांगलेल्या कुठल्याही बाटलीला सलाईन म्हणतो, मग आत ग्लुकोज असो की मीठ. कॅस्पोफंगिन ग्लुकोजमध्ये टिकत नाही. त्याला खरंखुरं, मिठाचंच सलाईन लागतं. नव्या सिस्टरला हे सांगायचं राहिलं की महागडं औषध बाटलीतच वाया जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सव्वादोनला डोस सुरू झाला. आता नळी.

कँडिडा प्लास्टिकला घट्ट चिकटते. आधी काही पेशी चिकटतात, मग त्या वाढतात, एकमेकींना धरतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्याचा थर चढवतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात. मी विद्यार्थ्यांना बिऱ्हाड म्हणून सांगतो, कारण ती नुसती वस्तीला आलेली नसते, भांडीकुंडी मांडून बसलेली असते. फ्लुकोनाझोल या थरात जवळजवळ निकामी ठरतं. एकायनोकँडिन बरंच आत पोचतं, तरी पूर्ण सफाई होईल याची हमी नाही. रक्तात फिरणाऱ्या पेशी औषधाने मरतात, बिऱ्हाडातून नव्या सुटत राहतात. म्हणून नियम सोपा आहे. नळी शक्य तितक्या लवकर काढायची.

नियम सोपा, पण पुरावा तितका सोपा नाही. सात औषधचाचण्यांमधल्या 1915 रुग्णांची माहिती एकत्र करून 2012 मध्ये विश्लेषण झालं, आणि त्यात नळी काढणं व एकायनोकँडिन देणं या दोन्हींशी कमी मृत्यू जोडलेले दिसले. त्याआधी दोन वर्षं, 842 रुग्णांच्या दुसऱ्या एका विश्लेषणात पहिल्या 24 ते 48 तासांत नळी काढल्याचा वेगळा फायदा दिसला नव्हता. घोळ असा, की ज्याची नळी पटकन काढता येते तो रुग्ण मुळातच थोडा बरा असतो. नोरॲड्रिनलिनवर लटकलेल्या माणसाची एकुलती एक नळी कोण काढणार? मग नळी काढलेले जास्त जगले ते नळी काढली म्हणून, की काढता येण्याइतके बरे होते म्हणून? चिठ्ठ्या टाकून निम्म्यांची नळी काढायची आणि निम्म्यांची ठेवायची असा प्रयोग कुणी केलेला नाही, आणि कुणी करेल असं वाटत नाही. माझं मत विचाराल तर मी काढण्याच्या बाजूचा. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी शून्यावर आलेल्या रुग्णात बुरशी बहुधा आतड्यातून आलेली असते, तिथे मी थोडा विचार करेन. आयसीयूतल्या बाकीच्यांत नाही.

सकाळी बाईंच्या डाव्या बाजूच्या शिरेत नवी नळी घातली, औषधं तिकडे वळवली आणि दुपारी बारापर्यंत उजव्या मानेतली नळी बाहेर आली. जुन्याच नळीतून तार सरकवून त्याच भोकात नवी नळी बसवण्याची एक सोयीची पद्धत आहे. ती इथे टाळतात, कारण त्याच दारातून नवी नळी आत घातली की बिऱ्हाडही तिच्यावर चढायला मोकळं.

आणि इथेच चूक झाली. जांघेतली डायलिसिसची नळी तशीच राहिली. ती छान चालत होती, भोकाभोवती लाली नव्हती, दुसऱ्या दिवशी डायलिसिस ठरलेलं होतं. ‘ती डायलिसिसची आहे’ या वाक्याने तिला जणू वेगळ्या जातीत बसवलं. हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि एकदा माझ्या हातूनही झालं आहे. विसाव्या दिवशीचं रक्त कल्चर बाविसाव्या दिवशी सकाळी वाजलं. पुन्हा यीस्ट. ताप 100 च्या आसपास रेंगाळत होता. त्या दिवशी डायलिसिस उरकून जांघेतली नळी काढली आणि चोविसाव्या दिवसापर्यंत शरीरात डायलिसिसची नळी ठेवलीच नाही. एवढी उसंत मिळाली हे नशीब. पोटॅशियम चढलं असतं तर मिळाली नसती. तेविसाव्या दिवशी घेतलेलं रक्त स्वच्छ निघालं, पंचविसाव्या दिवसाचंही. दोष जांघेतल्या नळीचाच होता असं मी शपथेवर सांगू शकणार नाही, औषधालाही चार दिवस मिळाले होते. पण नळी ठेवून वाट पाहण्याची हिंमत पुन्हा करणार नाही.

दरम्यान एकविसाव्या दिवशी बुरशीचं नाव कळलं. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या ओळख-यंत्राने कँडिडा हेम्युलोनाय असं उत्तर दिलं होतं. जुन्या माहितीसाठ्याची यंत्रं ऑरिसला हमखास याच चुलतबहिणीच्या नावाने हाक मारतात. हे जाणणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी नमुना मॅल्डी-टॉफवर घातला. या यंत्रात जंतूच्या प्रथिनांच्या वजनांचा ठसा ताडून नाव काढतात. उत्तर आलं ऑरिस. फ्लुकोनाझोलने वाढ रोखायला 64 मायक्रोग्रॅम लागत होते, 32 किंवा जास्त म्हणजे औषध निकामी. एकायनोकँडिन चालणार होतं. पहाटे फ्लुकोनाझोल निवडलं असतं तर तोपर्यंतचे सगळे डोस पाण्यात गेले असते.

नाव कळताच खोलीचं वातावरण बदललं. इतर कँडिडा बहुतेक वेळा आपापल्या मालकाच्या अंगावर राहतात. ऑरिस एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. काख आणि जांघ या तिच्या आवडत्या जागा. तिथून गळणाऱ्या कातडीच्या पापुद्र्यांबरोबर ती बेडच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, बीपीच्या पट्ट्यावर जाते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मेंदूविकार आयसीयूत 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांवर ती सापडली. हात धुणं, खोल्या पुसणं सगळं कडक करूनही साथ हटेना. शेवटी शोध काखेत लावायच्या तापमापक तारेपाशी थांबला. एकाची काढून, पुसून, दुसऱ्याला लावली जाणारी साधी तार. त्या तारा हटवल्यावर साथ ओसरली. हा किस्सा वाचल्यापासून मी आयसीयूत शिरल्यावर आधी काखेत काय लावलंय ते पाहतो.

बाईंना कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं. त्यांचा स्टेथोस्कोप, बीपीचा पट्टा, थर्मामीटर तिथेच. सफाईच्या मावशींना वेगळं समजावून सांगावं लागलं, कारण रुग्णालयात लादी आणि कठडे पुसायला नेहमी वापरतात ती काही जंतुनाशकं ऑरिसवर नीट चालत नाहीत. क्लोरीन सोडणारं द्रावण लागतं आणि ते ओलं राहून काम करील इतका वेळ पृष्ठभागावर ठेवावं लागतं. मावशींचा हात चपळ, पुसलं की लगेच कोरड्या फडक्याने चकाचक. ‘चमकतंय की, अजून काय पाहिजे?’ या त्यांच्या प्रश्नावर उत्तर देण्यात वॉर्डच्या सिस्टरची पंधरा मिनिटं गेली. कारणी लागली.

रक्त स्वच्छ झालं तरी दोन ठिकाणी डोकवावं लागतं. एक डोळा. रक्तातून गेलेली बुरशी डोळ्यामागच्या पडद्यावर पांढरे ठिपके करून बसते, आणि एकायनोकँडिन डोळ्याच्या आत नीट पोचत नाही. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहतात. आमच्या बाईंचा साफ होता. ठिपके दिसले असते तर औषधाची सगळी योजना बदलावी लागली असती, आणि ऑरिसपुढे फ्लुकोनाझोल नसल्याने ती बदलणं कठीण गेलं असतं. लघवी आणि मेंदूच्या बाबतीतही या औषधाची हीच मर्यादा आहे. दुसरी जागा हृदयाच्या झडपा. त्यांची सोनोग्राफी केली, काही चिकटलेलं दिसलं नाही. नळ्या काढूनही रक्त स्वच्छ होत नसेल तर झडप, जुन्या नळीच्या जागी शिरेत साकळलेलं रक्त, किंवा पोटातली पूची पिशवी इथे लपलेलं बिऱ्हाड शोधायचं. आणि औषध चालू असताना बुरशीने ग्लुकान विणणाऱ्या विकराच्या जनुकातच बदल केला नाही ना, हे पाहायला ताज्या नमुन्याची औषधचाचणी पुन्हा करायची. असा बदल क्वचित होतो, पण झाला की कॅस्पोफंगिन, मिकाफंगिन, ॲनिड्युलाफंगिन ही तिन्ही भावंडं बहुधा एकदमच हातची जातात.

राहिला दिवसांचा हिशेब, आणि यात होणारी चूक इतकी नित्याची आहे की तिच्यासाठी जागा द्यायलाच हवी. औषध चौदा दिवस द्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठून चौदा, हे विसरलं जातं. औषध सुरू झाल्यापासून मोजलं तर एकोणिसाव्यापासून तेहतिसावा दिवस येतो. पण मोजायचं पहिल्या स्वच्छ कल्चरपासून, म्हणजे तेविसाव्यापासून, आणि तो येतो सदतिसावा. मध्ये आणखी एक गंमत. तेविसाव्या दिवशीचं कल्चर स्वच्छ आहे हे पाच दिवस यंत्रात ठेवल्यावरच म्हणता येतं, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी. तोवर आपण कितव्या दिवशी आहोत हे कुणालाच पक्कं माहीत नसतं. अल्बिकन्स असती तर पाच-सात दिवसांनी फ्लुकोनाझोलच्या गोळीवर उतरून घरी जाता आलं असतं. ऑरिसला ती सोय नाही. नळीत राहणाऱ्या बुरशीवरचं औषध शेवटपर्यंत शिरेतूनच. निदान ते हाताच्या साध्या इंट्राकॅथमधून जातं, म्हणून डाव्या बाजूची नळीही तिसाव्या दिवशी काढता आली. ‘ही लाइन आज कशासाठी हवी आहे?’ हा प्रश्न त्या खोलीत रोज सकाळी विचारला जात होता, आणि त्या दिवशी कुणाकडे उत्तर नव्हतं.

सदतिसाव्या दिवशी कॅस्पोफंगिन बंद झालं. मूत्रपिंडं हळूहळू जागी झाली होती, बाई नरम भात खात होत्या. अंगात ताकद यावी म्हणून त्यांना दुसऱ्या एका छोट्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. जाण्याआधी काखेतला आणि जांघेतला स्वॅब घेतला. रक्तात काही नव्हतं, पण कातडीवर ऑरिस होतीच. कातडीवरच्या वस्तीवर औषध नाही आणि ती महिनोन्‌महिने राहू शकते.

त्यांच्या मुलाने विचारलं, ‘मग हे कागदावर लिहायलाच हवं का? तिकडे बेड नाकारतील.’ भीती खोटी नव्हती. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर, निदानाच्या खाली, ठळक अक्षरात लिहिलं, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी फोन केला. वेगळी खोली, क्लोरीन, वेगळा बीपीचा पट्टा, काखेला लावायचं काही सामायिक नको. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, ‘पुसल्यावर किती मिनिटं ओलं ठेवायचं म्हणालात?’